‘मला वाटलं’, ‘जाणवलं’, ‘अचानक’: प्रथमपुरुषी खर्ड्यातून हे शब्द कसे काढायचे

दिवाळी अंकासाठी येणारं ललित लेखन मी काही वर्षं तपासते आहे. आई गेल्यावरचं घर, मुलगी परदेशी निघाली तो दिवस, नोकरीतला शेवटचा दिवस असे विषय असतात. लिहिणारे मनापासून लिहितात, आणि बहुतेक खर्ड्यांत तेच चार-पाच शब्द पानोपानी भेटतात. मला वाटलं, मला जाणवलं, माझ्या लक्षात आलं, अचानक, एकदम. माझ्या स्वतःच्या खर्ड्यांतही ते असतातच, म्हणून इथे उदाहरण माझंच घेते.

पहिला खर्डा लिहिताना हे शब्द टाळू नयेत. तेव्हा हात वेगाने चालू असतो आणि ‘मला खूप वाईट वाटलं’ ही चिठ्ठी असते. इथे काहीतरी आहे, नंतर येऊन बघ, असं आपण आपल्यालाच लिहून ठेवलेलं असतं. घोटाळा एवढाच होतो की चिठ्ठी तशीच छापायला जाते.

हा माझा खर्डा, जसा उतरला तसा:

त्या दिवशी मी आईला कानाच्या तपासणीला घेऊन गेले. का कोण जाणे, सकाळपासूनच मला अस्वस्थ वाटत होतं. आई त्या काचेच्या खोलीत बसली आणि मला ती खूप लहान वाटली. मला वाटलं होतं की तपासणी पाच मिनिटांत संपेल. पण तपासणी सुरू झाली आणि अचानक माझ्या लक्षात आलं की आई बटण दाबतच नाहीये. मला खूप वाईट वाटलं. तेव्हा मला जाणवलं की गेली दोन वर्षं ती आमच्या बोलण्यावर नुसती हसत होती, तिला नीट ऐकू येतच नव्हतं. मला एकदम कुकर आठवला. ती शिट्ट्या मोजायचं सोडून कुकरसमोर उभी का राहायची ते मला कळलं. मला अपराधी वाटलं. डॉक्टर आलेख घेऊन बाहेर आले. मला रडावंसं वाटलं. अचानक आईने माझा हात धरला आणि ती म्हणाली, “झालं ना? चल.” मला जाणवलं की तिला हे सगळं आधीपासूनच माहीत होतं.

## आधी फक्त मोजा

पहिल्या फेरीत काहीही खोडायचं नाही, मोजायचं. संगणकावर लिहिलं असेल तर Ctrl+F दाबून शोधा. पण मराठीत एक अडचण आहे. ‘वाटलं’ शोधलं तर ‘वाटली’, ‘वाटत’, ‘वाटायचं’ सुटतात, आणि नुसतं ‘वाट’ शोधलं तर वाट बघितली, वाटेत भेटला, सगळी वाटीसुद्धा हाती लागते. म्हणून ‘वाटल’, ‘वाटत’, ‘वाटाय’, ‘वाटू’ असे तुकडे वेगवेगळे शोधावेत. ‘जाणव’ शोधल्यावर ‘जाणीव’ सापडत नाही, तिथे ई दीर्घ आहे, ती निराळी शोधावी लागते. ‘लक्षात’, ‘कळल’, ‘समजल’, ‘उमग’ हे त्याच घराण्यातले. मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असेल तर हा शोध बहुधा चालणार नाही. मग सरळ छापून घ्या आणि पेन्सिलीने गोल करा. छापून घेतलेलं एरवीही बरंच, कारण ‘कुठेतरी आत काहीतरी हललं’ असली वाक्यं कोणत्याच शोधात सापडत नाहीत.

माझ्या चौदा वाक्यांच्या खर्ड्यात ‘वाटणे’ सहा वेळा आलं, ‘जाणवलं’ दोनदा, ‘लक्षात आलं’ आणि ‘कळलं’ एकेकदा. ‘अचानक’ दोनदा, ‘एकदम’ एकदा. हे अपेक्षितच होतं. मी चमकले ते ‘मला’ मोजल्यावर. चौदापैकी दहा वाक्यांत ‘मला’, आणि त्यांतली सहा वाक्यं त्याच शब्दाने सुरू होणारी.

हे मराठीचं खास दुखणं आहे. आपल्याकडे वाटणं, जाणवणं, आठवणं, दिसणं, ऐकू येणं या सगळ्या क्रियांत करणारा माणूस ‘मला’ होऊन वाक्याच्या तोंडाशी बसतो. त्यामुळे भावना सांगणारी चार वाक्यं लागोपाठ लिहिली की चारही एकाच ठेक्यात पडतात: मला अमुक झालं, मला तमुक झालं. वाचणाऱ्याला शब्द खुपण्याआधी हा ठेका कंटाळा आणतो. म्हणून मोजणीत ‘मला’ धराच.

किती म्हणजे जास्त, याचं गणित नाही. हजार शब्दांत पाच-सहा ‘वाटलं’ विखुरलेले असतील तर माझी पेन्सिल थांबत नाही. तेच एका परिच्छेदात तीन आले तर थांबते.

## फेऱ्यांचा क्रम

एका बैठकीत सगळे शब्द धरू नका. एका फेरीत एकच घराणं घ्या. मी ‘अचानक’पासून सुरुवात करते कारण ते सोपं आहे. मग ‘जाणवलं की’, ‘लक्षात आलं की’, आणि ‘वाटलं’ शेवटी. ‘वाटलं’ सगळ्यात अवघड असतं, आणि आधीच्या दोन फेऱ्यांत मजकूर एवढा बदलतो की निम्मे ‘वाटलं’ आपोआप गळलेले असतात.

## ‘अचानक’

‘अचानक’ लिहिणारा वाचकाला धक्का द्यायला जातो आणि आधी सूचना देऊन टाकतो. “अचानक दार उघडलं” यात दार उघडण्याआधीच वाचक सावध झालेला असतो.

प्रत्येक ‘अचानक’ला पहिला प्रश्न: ही गोष्ट खरंच अचानक घडली का? माझ्या खर्ड्यातला पहिला ‘अचानक’ चक्क खोटा होता. आई बटण दाबत नाहीये, ही न घडणारी गोष्ट आहे, आणि न घडणारी गोष्ट अचानक कशी घडेल? ती कळायला वेळ लागतो. एकदा दाबलं नाही, चुकलं असेल. दुसऱ्यांदा दाबलं नाही. मग आपण बटणाकडे टक लावून बघायला लागतो. म्हणजे इथे वेग हवा होता असं समजून मी ‘अचानक’ टाकला, आणि गरज नेमकी उलटी होती. हा प्रसंग लांबवायला हवा होता.

गोष्ट खरंच अचानक घडली असेल तर दुसरा प्रश्न: मराठीकडे त्यासाठी दुसरं काय आहे? भरपूर आहे. एक तर ‘तोच’. “मी कुलूप लावते तोच आतून फोन वाजला.” याहून घाई हवी तर “पायरी उतरते न उतरते तोच”. एक ‘तर’ आहे, आश्चर्यासाठी याच्याइतका स्वस्त शब्द नाही: “दार उघडलं, तर समोर बाबा.” आणि माझ्या मते सगळ्यात कमी वापरली जाणारी सोय म्हणजे जोडीची क्रियापदं. “मी अचानक नकळत हो म्हणाले” याऐवजी “मी हो म्हणून बसले” एवढंच लिहिलं तरी अचानकपणा, नकळतपणा आणि वर थोडा पश्चात्तापही येतो. ‘बोलली’ आणि ‘बोलून गेली’ यांत जो फरक आहे, तो सांगायला क्रियाविशेषण लागत नाही.

काही क्रियापदांच्या पोटात अचानकपणा आधीच असतो. दचकणं, थबकणं, रडू कोसळणं, खडबडून जागं होणं. “अचानक रडू कोसळलं” मध्ये ‘अचानक’ला कामच नाही. तो तसाच उडवता येतो.

धाडकन, झर्रकन, टचकन हे शब्दही ‘अचानक’च्या जागी येतात, आणि ते बरे, कारण त्यांना आवाज किंवा हालचाल असते. पण एका पानावर असे तीन झाले की लेख बालकथेसारखा वाजायला लागतो.

## ‘जाणवलं की’, ‘लक्षात आलं की’

या वाक्यांत सगळा माल ‘की’च्या पुढे असतो. म्हणून आधी ‘की’पर्यंतचा भाग झाका आणि उरलेलं वाचा. “मला दिसलं की खिडकी उघडी आहे”, उरतं “खिडकी उघडी आहे”. ‘मी’ सांगणारी असताना उघडी खिडकी दुसरं कोण बघणार? “खिडकी उघडी होती” लिहा आणि पुढे चला. दिसलं, ऐकू आलं, वास जाणवला, यांचा निकाल एवढ्यात लागतो.

अडचण येते ती ‘की’च्या पुढे निष्कर्ष असतो तिथे. “मला जाणवलं की गेली दोन वर्षं ती नुसती हसत होती.” यातलं ‘मला जाणवलं की’ काढून टाकलं तरी वाक्य सुधारत नाही. उलट निकाल आणखी ठाम होतो. इथे दोष शब्दाचा नाही, क्रमाचा आहे. मी निष्कर्ष आधी सांगितला, आणि ज्यावरून तो निघाला ती गोष्ट, म्हणजे कुकर, नंतर आणली. तीही ‘मला एकदम आठवला’ आणि ‘ते मला कळलं’ या दोन वेष्टनांत गुंडाळून.

उपाय असा: निष्कर्षाचं वाक्य वेगळ्या कागदावर लिहा. त्याखाली लिहा, हे मला कशावरून कळलं? जे आठवेल ते, कितीही किरकोळ असो. माझ्या कागदावर हे आलं: आई हल्ली कुकर लावून गॅससमोरून हलत नाही. पूर्वी ती गच्चीत कपडे वाळत घालता घालता शिट्ट्या मोजायची. मी तिला त्यावरून चिडवलं होतं, “कुकर काय पळून जाणार आहे का?” वयाबरोबर ऐकू येणं कमी होतं तेव्हा बहुधा आधी उंच पट्टीचे आवाज जातात. शिट्टी जाते, ‘स’ आणि ‘श’ पुसट होतात, आणि बसचा घरघराट ऐकू येत राहतो. म्हणून घरच्यांना बराच काळ पत्ता लागत नाही.

हे सगळं लेखात घालायचं नाही. यातून एक-दोन गोष्टी निवडायच्या आणि निष्कर्षाचं वाक्य खोडायचं. आई शिट्टी ऐकण्याऐवजी बघते, एवढं लिहिल्यावर वाचक स्वतः ते वाक्य मनात म्हणतो.

इथे एक बारीक गोष्ट. आठवणी लिहिताना ‘मी’ दोन असतात. एक त्या दिवशीची, काचेबाहेर उभी असलेली. दुसरी आज लिहायला बसलेली, सगळं माहीत असलेली. ‘मला जाणवलं’ हे बरेचदा आजच्या ‘मी’ने तेव्हाच्या ‘मी’च्या तोंडात कोंबलेलं असतं. स्वतःला विचारा, त्या क्षणी मला हे खरंच कळलं होतं, की आठवड्याने, भांडी घासताना कळलं? उत्तर दुसरं असेल तर वाक्य त्या जागी नकोच. आणि त्या क्षणीच कळलं असेल, ते कळणं हीच घटना असेल, तर ‘कळलं’ बेलाशक ठेवा. “बाबांना आम्ही दोघं पळून जाणार हे कळलं होतं” यातलं ‘कळलं’ काढलं तर गोष्टच संपेल.

## ‘वाटलं’ आणि बोटाची चाचणी

‘मला वाटलं’ या शब्दांवर बोट ठेवून उरलेलं वाचायचं. तीनपैकी एक काहीतरी होतं.

कधी वाक्य धडधाकट उरतं. “मला खोली कोंदट वाटली”, खोली कोंदट होती. काढा.

कधी वाक्याचा अर्थ उलटतो. “मला वाटलं बाबा झोपलेत.” बोट ठेवल्यावर बाबा खरंच झोपलेले उरतात, आणि गोष्ट तर ते झोपले नव्हते याची आहे. इथे ‘वाटलं’ म्हणजे चुकीची समजूत. मराठीत त्यासाठी हाच शब्द योग्य आहे, ठेवा. इतर ठिकाणचे उडवले की असा एखादा ‘वाटलं’ आणखी जोराने लागतो.

तिसरा प्रकार खरा त्रासदायक. “मला अपराधी वाटलं.” बोट ठेवलं तर ‘अपराधी’ एवढंच उरतं. वाक्यात दुसरं काही नव्हतंच. माझ्या सहापैकी चार ‘वाटलं’ असले निघाले. अशा जागी शब्द बदलून भागत नाही, काहीतरी आणून भरावं लागतं किंवा वाक्यच सोडून द्यावं लागतं. ते चार मी असे सोडवले.

“सकाळपासूनच मला अस्वस्थ वाटत होतं.” त्या सकाळी मी काय करत होते हे आठवून बघितलं, आणि लाज वाटली. (हा ‘वाटली’ राहू दे.) मी अस्वस्थ वगैरे काही नव्हते. अर्धा दिवस रजा टाकावी लागली म्हणून वैतागले होते आणि रिक्षात ऑफिसचे मेसेज बघत होते. ‘का कोण जाणे’ आणि ‘अस्वस्थ’ हे नंतर चिकटवलेलं होतं, लेख गंभीर आहे हे आधीच कळावं म्हणून. वाक्य गेलं, रजा आली. हे मला इतरांच्या खर्ड्यांतही वारंवार दिसतं. ‘वाटलं’ उचलून बघितलं की त्याखाली वेगळीच, कमी शोभिवंत भावना असते.

“मला खूप वाईट वाटलं.” हे नुसतं खोडलं. बटणाचा प्रसंग नीट लिहिल्यावर त्याची गरज उरली नाही.

“मला अपराधी वाटलं.” अपराध काय होता? कुकरवरून चिडवणं. मग चिडवणं तसंच्या तसं लिहायचं. माणूस काय बोलला हे सांगितलं की त्याला कसं वाटलं असेल हे निराळं सांगावं लागत नाही.

“मला रडावंसं वाटलं.” ‘-आवंसं वाटणं’ म्हणजे इच्छा झाली पण केलं नाही. मग काय केलं, हा प्रश्न. मी तपासणाऱ्या बाईंना विचारलं होतं, पैसे रोख देऊ की ऑनलाइन. बरेचदा या प्रश्नाचं उत्तर असंच हास्यास्पद असतं, आणि तेच लिहावं.

उरलेले दोन. “ती खूप लहान वाटली” ही तुलना होती, दृश्य नव्हतं. मी काय पाहिलं होतं? हेडफोनचा पट्टा अंबाड्यावर बसेना म्हणून परक्यांसमोर तिने केस सोडले होते. “पाच मिनिटांत संपेल असं वाटलं होतं” ही चुकीची समजूत होती, ती ठेवताही आली असती. पण त्या समजुतीपायी मी रिक्षा थांबवून ठेवली होती, आणि रिक्षा दिसते.

## दुसरा खर्डा

अर्धा दिवस रजा टाकून मी आईला कानाच्या तपासणीला नेलं. पाच मिनिटांचं काम म्हणून रिक्षाही थांबवून ठेवली होती.

हेडफोनचा पट्टा अंबाड्यावर बसेना. परक्यांसमोर कधी केस न सोडणाऱ्या आईने आकडे काढून तोंडात धरले, अंबाडा सोडला आणि काचेपलीकडे ताठ बसून बटणावर अंगठा ठेवला. आवाज आला की दाबायचं. दाबलं की इकडे यंत्रावर दिवा लागायचा. पहिल्यांदा लागला. दुसऱ्यांदा लागला. मग बाईंनी कळ फिरवली, आईकडे पाहिलं. आणखी फिरवली, पुन्हा पाहिलं. दिवा लागला तेव्हा कळ बरीच पुढे गेली होती. आई बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होती.

घरी कुकर लावला की आई हल्ली गॅससमोरून हलत नाही. शिट्टी वर उचलली जाते ते बघत उभी असते. पूर्वी गच्चीत कपडे वाळत घालता घालता शिट्ट्या मोजायची. मला वाटायचं, भात लागेल या धास्तीने उभी राहते. “कुकर काय पळून जाणार आहे का?” असं मी दोनतीनदा तरी म्हटलंय. ती हसायची.

आलेखावर लाल गोल आणि निळ्या फुल्या डावीकडून उजवीकडे उतरत गेल्या होत्या. मी बाईंना विचारलं, पैसे रोख देऊ की ऑनलाइन. पर्स उघडते तोच आईने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि कागदाकडे बोट केलं. “कुकरची शिट्टी यात कुठे येते हो?” तिने विचारलं. बाईंनी पेनाचं टोक उजव्या कडेला, उतार संपतो तिथे, टेकवलं.

‘वाटणे’ सहावरून एकावर आलं, आणि तो एक चुकीच्या समजुतीचा आहे. ‘मला’सुद्धा एकच. शेवटचं “मला जाणवलं की तिला हे सगळं आधीपासूनच माहीत होतं” कुठे गेलं? ते वाक्य मुळात लबाड होतं, आईच्या मनातलं मी कशावरून सांगणार? कशावरून, हे कागदावर उतरवताना तिचा शिट्टीचा प्रश्न आठवला. पहिल्या खर्ड्यात तो नव्हताच. ‘जाणवलं’ लिहून मोकळी झाले होते, म्हणून पुढे आठवायची गरजच पडली नव्हती. ‘डॉक्टर’ही बदलले. तपासणी एका तंत्रज्ञ बाईंनी केली होती, आणि प्रसंग हळू लिहायला घेतल्यावर त्यांचा हात कळीवर दिसायला लागला.

मजकूर मात्र वाढला. हे नेहमी होतं. शब्द काढायला बसलेला माणूस लेख दीडपट करून उठतो. अंकाची शब्दमर्यादा असेल तर सगळ्याच जागा भरू नका. दोन-तीन निवडा आणि बाकीच्या ‘वाटलं’ वाक्यांना सरळ काट मारा. किंवा एखादं साधं “वाईट वाटलं” तसंच राहू द्या. कमी महत्त्वाच्या जागी एका वाक्यात भावना सांगून पुढे जाणं हा काही गुन्हा नाही.

## कुठे फसतं

पहिली आणि सर्रास चूक म्हणजे अदलाबदल. ‘जाणवलं’ची जागा ‘उमगलं’ घेतं, ‘अचानक’ची ‘अकस्मात’, आणि लेख होता तिथेच राहतो, फक्त जरा नटलेला.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. “भावना सांगू नका, शरीरात काय झालं ते लिहा” असा सल्ला मिळतो, मग ‘वाईट वाटलं’ जाऊन काळजात धस्स होतं, पायाखालची जमीन सरकते, घशात आवंढा येतो, अंगावर काटा उभा राहतो. हे वाक्प्रचार म्हणजे ‘वाटलं’चेच भाऊबंद. ते कोणाच्याही अंगावर कधीही बसतात. ओळखायची खूण सोपी आहे: तेच वाक्य तुमच्या दुसऱ्या कुठल्याही लेखात उचलून ठेवता आलं, तर ते या प्रसंगाचं नाही. अंबाड्यात अडकलेला हेडफोन दुसरीकडे ठेवता येत नाही.

तिसरी, तुटक वाक्यं. ‘मला’ आणि ‘की’ काढल्यावर मराठी वाक्य फार आखूड होतं. दार उघडं. खोली रिकामी. चहा गार. अशा चार ओळी झाल्या की तो जाहिरातीचा ठेका वाटतो. मोठ्याने वाचलं की लगेच कळतं, श्वास अडखळतो. तिथे दोन वाक्यं ‘आणि’ने किंवा ‘-ता -ता’ने जोडून टाका, ‘वाळत घालता घालता’सारखी.

चौथी चूक, अती काढणं. सगळ्या भावना गाळून नुसत्या वस्तू उरल्या की वाचक बाहेर उभा राहतो. हे स्वतःला कळत नाही. म्हणून मी प्रसंग माहीत नसलेल्या एका माणसाला वाचायला देते आणि एवढंच विचारते, “हिला तेव्हा काय होत होतं?” त्याने त्याच्या शब्दांत जवळपासचं काही सांगितलं तर ठीक. “तिला आईचा राग आला होता का?” असं काही विचारलं, तर एखादं ‘वाटलं’ परत आणते.

आणि संवादांना हात लावू नका. बोलताना आपण “मला वाटतं” हे नम्रपणासाठीही म्हणतो, आणि “ऐकून फार वाईट वाटलं” ही तर दुखवट्याची भाषा आहे. पात्राच्या तोंडून ते काढलं तर माणूस माणसासारखा बोलेनासा होतो. पत्रातला किंवा डायरीतला उतारा असेल तरी तेच.

शेवटच्या फेरीत पुन्हा Ctrl+F, पण आता नव्याने आणलेल्या शब्दांसाठी. ‘तोच’ किती झाले, ‘तर समोर’ किती झाले. एका सवयीच्या जागी दुसरी बसायला वेळ लागत नाही.

प्रसंगात जे माणूस होतं त्याला वाचायला देता आलं तर तेही करा. मी दुसरा खर्डा आईला दिला. तिने चष्मा लावून वाचला आणि ‘ती हसायची’ याखाली पेनाने रेघ ओढली. म्हणाली, “अगं, तू काय म्हणायचीस ते मला ऐकूच यायचं नाही. तू हसायचीस म्हणून मी हसायचे.”

माझा हात लगेच ‘नंतर मला कळलं की’ लिहायला गेला. लिहिलं, खोडलं. तिथे आता असं आहे: “असं मी दोनतीनदा तरी म्हटलंय. म्हणून झाल्यावर मी हसायचे. मग ती हसायची.”